नाळ कापण्याची घाई कुठून आली?

इंदूरच्या रामबागेत, नारायण बागेत ज्यांची बाळंतपणं घरीच झाली, त्या आज्या सांगतात की सुईण वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसे. दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली तशी ती रीत गेली. बाळ बाहेर आलं की लगेच दोन चिमटे लागायचे, मधून कात्री फिरायची आणि बाळ सिस्टरच्या हातात जायचं. गेल्या काही वर्षांत लेबर रूममध्ये पुन्हा थांबायला सांगू लागले आहेत. त्यामुळे दाराशी उभ्या असलेल्या सासूबाई हमखास विचारतात, “सिस्टर, बाळ रडलं ना, मग नाळ कापत का नाही?” त्याचं उत्तर नीट द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

पोटात असताना बाळाचं सगळं रक्त बाळाच्या अंगात नसतं. दिवस भरलेल्या बाळाचं साधारण एक तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी वारेत असतं. ते रक्त बाळाचंच, आईचं नव्हे. जन्म झाल्यावर नाळेतल्या दोन धमन्या आकसायला लागतात आणि बाळाकडून वारेकडे जाणारा रस्ता बंद होत जातो. बाळाकडे येणारी शीर मात्र अजून उघडी असते. गर्भाशय आवळतं, बाळ श्वास घेतं, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि वारेतलं रक्त बाळाकडे सरकतं.

हे युरोपातल्या जुन्या डॉक्टरांना ठाऊक होतं. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर होते. नाळ फार लवकर बांधली तर वारेत राहिलेल्या रक्ताला बाळ मुकतं आणि अशक्त होतं, नाळेचे ठोके थांबेपर्यंत थांबावं, असं त्यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या सांध्यावर स्पष्ट लिहून ठेवलं होतं. 1875 मध्ये पॅरिसच्या प्येर ब्युदँ यांनी वारेत उरलेलं रक्त प्रत्यक्ष मोजलं. नाळ लगेच बांधली तर वारेत सुमारे 90 मिली जास्त रक्त राहतं, असं त्यांना आढळलं.

मग घाई आली कुठून? विसाव्या शतकात ती तुकड्यातुकड्यांनी आली. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बायका दगावत होत्या. त्यावर गर्भाशय आवळणारं इंजेक्शन, नाळ लगेच बांधणं आणि नाळ हलकेच ओढून वार काढणं, या तीन गोष्टी एकत्र करायची पद्धत रुळली. जोरदार कळेने बाळात जादा रक्त ढकललं जाईल, त्याला कावीळ होईल, अशी भीतीही होती. शिवाय बाळ तपासणारे डॉक्टर वेगळ्या टेबलापाशी उभे असायचे, तिथे बाळ चटकन न्यायचं तर नाळ तोडणं आलंच.

1988 मध्ये ब्रिस्टलचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तेव्हा जास्त रक्तस्राव सुमारे 6 टक्के बायकांना झाला. काहीच न करता वाट पाहिली तेव्हा सुमारे 18 टक्क्यांना. हा फरक मोठा आणि खरा होता, त्याने जीव वाचले. पण तिघांपैकी कोणत्या गोष्टीने तो पडला, हे या अभ्यासातून कळणं शक्य नव्हतं. पुढे एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिल्यावर दिसलं की गुण इंजेक्शनचा होता. नाळ थोडी थांबून बांधली म्हणून आईचा रक्तस्राव वाढत नाही. म्हणजे लगेच चिमटा लावण्याची पद्धत स्वतःच्या पुराव्याशिवाय, चांगल्या औषधाचा हात धरून आत आली आणि अनेक वर्षं टिकली. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी बाब हीच वाटते.

रक्त किती मिळतं, याचं मोजमाप मध्यंतरी स्वीडनमध्ये झालं होतं. 1969 च्या सुमारास याओ आणि लिंड यांनी दाखवलं की पहिल्या मिनिटातच निम्म्याच्या आसपास रक्त बाळाकडे येतं आणि तीन मिनिटांत बहुतेक सगळं. ब्रिटनमध्ये 2011 मध्ये नाळ न तोडता बाळं वजनकाट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा वजन सरासरी शंभर ग्रॅमहून जास्त वाढलं. ती वाढ रक्ताची.

आता तीन किलोचं बाळ घेऊ. त्याला थांबण्यामुळे 80 मिली रक्त मिळालं असं धरा. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन 16 धरलं, म्हणजे 100 मिलीत 16 ग्रॅम, तर या रक्तात जवळजवळ 13 ग्रॅम हिमोग्लोबिन आलं. एका ग्रॅममध्ये सुमारे 3.4 मिलिग्राम लोह असतं, म्हणून एकूण 44 मिलिग्रामच्या आसपास. दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या अंगात किलोमागे साधारण 75 मिलिग्राम, म्हणजे या बाळात सव्वादोनशे मिलिग्राम लोह असतं. त्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्या तीन मिनिटांत येतो. आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, पहिले सहा महिने बाळ या शिदोरीवरच काढतं. स्वीडनमधल्या 2011 च्या अभ्यासात चार महिन्यांच्या वयात लोहाची कमतरता लगेच चिमटा लावलेल्यांत 5.7 टक्के, तर तीन मिनिटं थांबलेल्यांत 0.6 टक्के होती. ही धडधाकट आयांची मुलं होती. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या 67 टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. 2018 च्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात नाळ उशिरा बांधण्याचा समावेश झाला, तो यामुळे.

जागतिक आरोग्य संघटना एक ते तीन मिनिटं थांबायला सांगते. त्या वेळात बाळ कोरडं पुसून आईच्या पोटावर, अंगाला अंग लावून ठेवतात. बाळ वर ठेवलं तर रक्त उलटं जाईल, अशी पूर्वी शंका होती; 2014 मध्ये अर्जेंटिनातल्या अभ्यासात पोटावर ठेवल्याने फरक पडत नाही हे दिसलं. बोटांत धरलेली नाळ आधी जाड, निळसर आणि ठोके देणारी असते. हळूहळू ती पांढरट, चपटी, लुळी पडते. गर्भाशयाचं इंजेक्शन यासाठी अडवायचं नसतं, ते वेळेवरच द्यायचं.

थांबू नये अशाही वेळा असतात. बाळ पुसून, चोळूनही श्वास घेत नसेल आणि जागेवरच हवा देण्याची सोय नसेल, आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, वार आधीच सुटली असेल किंवा नाळ तुटली असेल, तर लगेच कापावी लागते. घाईच्या वेळी नाळ बोटांनी पिळून रक्त बाळाकडे लोटण्याचा उपायही लोकांनी काढला. पण 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत त्याने मेंदूतला गंभीर रक्तस्राव वाढलेला दिसला आणि 2019 च्या अभ्यासात या बाळांपुरतं ते थांबवावं लागलं.

कावीळीची ती जुनी भीतीही अगदी निराधार नाही. जादा लाल पेशी मोडतात, त्यांतलं लोह साठतं आणि उरलेल्यातून पिवळेपणा येतो. दिवस भरलेल्या बाळांच्या अभ्यासांत निळ्या दिव्याखाली ठेवावं लागणाऱ्यांचं प्रमाण लगेच कापलेल्यांत 3 टक्क्यांच्या आत, तर उशिरा कापलेल्यांत 4 टक्क्यांच्या थोडं वर निघालं. म्हणून जिथे थांबतात तिथे बाळ घरी पाठवण्याआधी आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत कावीळ तपासण्याची सोय लागते. घरी गेल्यावर उजेडात बाळाची छाती-पोट बोटाने दाबून पाहावं. पिवळेपणा पोटापर्यंत उतरलेला दिसला, किंवा बाळ दूध ओढेनासं, मलूल झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.