ओएमआरचा फोटो पाठवताय? आधी रोल नंबर आणि सेटचे गोळे बघा

आपल्या इंदूरच्या सराव परीक्षेचे निकाल लागले की दरवर्षी तेच होतं. यादीत काही नावांपुढे ‘राखीव’ असं येतं, पालक घाबरून फोन करतात, मग फेरतपासणीचा अर्ज भरतात आणि त्यातले बरेच अर्ज परत येतात. मी चार वर्षं हे अर्ज तपासायला बसतोय. परत गेलेल्या अर्जांत उत्तरांची भानगड क्वचितच असते. घोळ असतो तो ओएमआर शीटच्या, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेच्या, वरच्या दोन चौकटींत, रोल नंबर आणि प्रश्नपुस्तिकेचा सेट.

अर्ज कोणी करायचा? ज्याच्या नावापुढे ‘राखीव’ आहे त्याने, आणि निकाल लागला पण गुण भलतेच वाटतात त्यानेही. मुदत उत्तरतालिका लागल्यापासून ५ दिवसांची. दरवर्षी दोन-चार जण ती ‘५ तारखेपर्यंत’ अशी वाचतात आणि तालिका २७ला लागली असली तरी पुढच्या महिन्याच्या ५ला निवांत उगवतात. सूचनेत वाक्य जरा सरळ लिहा, असं मी समितीला तीनदा सांगून झालं. अजून तसंच आहे. आणि हे सगळं फक्त आपल्या परीक्षेपुरतं. एमपीपीएससीचं, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं, कार्यालय इंदुरातच असलं तरी त्यांचे नियम त्यांचे, त्यांची सूचना वेगळी वाचायची.

अर्जाला तीन गोष्टी लागतात: शीटच्या विद्यार्थी-प्रतीचा फोटो, प्रवेशपत्र आणि प्रश्नपुस्तिकेचं मुखपृष्ठ. पहिल्या दोन सगळ्यांकडे असतात. तिसरी कोणाकडेच नसते. मुलं घरी आल्यावर पुस्तिकेवर गणितं करतात, पहिलं पान फाडून वही झाकतात, नाहीतर दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीत जाते. त्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात सेटचं अक्षर असतं आणि त्याखाली पुस्तिकेचा अनुक्रमांक. तो अनुक्रमांक किती कामाचा आहे ते पुढे कळेल.

आता फोटो. तुमच्या प्रतीचा फोटो आम्ही संगणकावर वाचतो आणि केंद्रावरून आलेल्या मूळ शीटच्या फोटोशी ताडून बघतो. दोन्ही जुळले नाहीत तरच मूळ शीटचा सीलबंद गठ्ठा उघडतो. वाचणं म्हणजे काय होतं ते समजलं, की फोटो कसा काढायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

शीटच्या चार कोपऱ्यांवर चार काळे चौकोन आहेत. संगणक आधी ते शोधतो आणि त्यांच्या आधाराने तिरका फोटो ताणून सरळ करतो. चारांपैकी एक चौकोन मुद्दाम लहान छापलेला आहे, म्हणजे शीट उलटी धरली असली तरी वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळतं. डाव्या कडेला बारीक काळ्या पट्ट्यांची रांग आहे, गोळ्यांच्या प्रत्येक ओळीला एक पट्टी. मग रोल नंबरची चौकट येते: सहा रकाने, प्रत्येकात वरून खाली ० ते ९ असे दहा गोळे, एकूण ६०. प्रत्येक रकान्यात सगळ्यात काळा गोळा कुठला ते बघायचं आणि त्याचा अंक आधीच्या अंकांना जोडत जायचं.

‘सगळ्यात काळा’ हे दिसतं तितकं सोपं नाही. गोळ्याच्या आत अंक छापलेला असतोच. रिकाम्या गोळ्यातला ८ हा १ पेक्षा जास्त शाई खातो. सेटच्या चौकटीत बीला दोन पोटं, म्हणून तो रिकामा असला तरी सीपेक्षा काळपट दिसतो. विद्यार्थी-प्रत म्हणजे खालचा कागद, पेन दाबून चालवलं नसेल तर तिथे भरलेला गोळाही राखाडीच उमटतो. त्यात फोन धरलेल्या हाताची सावली शीटच्या उजव्या बाजूवर पडते आणि सेटची चौकट नेमकी उजवीकडेच आहे. त्यामुळे एकच मोजमाप सगळ्या शीटला लावून चालत नाही. प्रत्येक गोळ्याची तुलना त्याच रकान्यातल्या बाकीच्या गोळ्यांशी करावी लागते, आणि पहिला नि दुसरा यांच्यात स्पष्ट फरक नसेल तर अंदाज न बांधता शीट ‘राखीव’त टाकावी लागते. लोकांना वाटतं राखीव म्हणजे नापास. तसं नाही, राखीव म्हणजे वाचता आलं नाही.

गेल्या वर्षीचा एक अर्ज सांगतो. मुलीचा रोल नंबर ३०४८१७. तिचा अर्ज पहिल्या फेरीत ‘अर्जदार जुळत नाही’ असा शेरा मारून परत गेला, कारण फोटोतून नंबर निघाला ३०४७१६, आणि तो नंबर दुसऱ्याच एका मुलाचा होता. आई प्रवेशपत्र घेऊन आली. म्हणाली, “काका, हिने सगळे गोळे बरोबर भरलेत, तुम्हीच बघा.” बघितलं. खरंच बरोबर भरले होते.

मग चूक कुठे? तिने शीट पलंगावर गादीवर ठेवून फोटो काढला होता. कागद मधोमध फुगलेला. चार कोपऱ्यांवरून सरळ करण्याची युक्ती सपाट कागदालाच लागू पडते, फुगवटा तसाच राहतो. फुगवट्यामुळे चौकटीच्या खालच्या ओळी अर्धा-पाऊण ओळ वर सरकल्या. वरचे ०, १, ३, ४ जागेवर राहिले, पण ८ गेला ७च्या घरात आणि ७ गेला ६च्या घरात. एरवी डावीकडच्या काळ्या पट्ट्यांनी हे सावरलं असतं, कारण प्रत्येक पट्टी आपापल्या ओळीची खरी जागा सांगते. पण फोटो काढला होता स्कॅनरच्या ॲपने, आणि ॲपने त्या पट्ट्या कडेची घाण समजून कापून टाकल्या होत्या.

असा घोळ ओळखायची खूण आहे. नीट वाचलेल्या शीटवर शाई गोळ्याच्या मधोमध असते. इथे चौथ्या रकान्यात ७च्या गोळ्याचा खालचा अर्धा भाग काळा होता आणि ८च्या गोळ्याचा वरचा काठ. शाई दोन घरांत वाटली गेली होती. दुसरी खूण म्हणजे गोळ्यांच्या वरच्या चौकोनांत मुलांनी हाताने लिहिलेला नंबर. तिथे स्पष्ट ३०४८१७ होतं. हाताचा नंबर आणि गोळ्यांचा नंबर जुळत नसेल तर माणसाने बघितल्याशिवाय शेरा मारायचा नाही असा नियम आहे, आणि त्या दिवशी तो आमच्याकडून पाळला गेला नाही. ती चूक आमची होती. टेबलावर ठेवून पुन्हा फोटो काढला, नंबर पहिल्या झटक्यात बरोबर आला.

पण काम तिथे संपलं नाही, कारण तिच्या सेटच्या चौकटीत दोन गोळे काळे होते, ए आणि बी. आधी ए भरला, मग पुस्तिका बघून बी भरला, आणि एवर फुली मारली. पेनची फुली म्हणजे संगणकाला आणखी थोडी शाई. शंभर प्रश्न, चार सेट, प्रश्न तेच पण क्रम वेगळा. ए धरून तपासलं तर २७ बरोबर, बी धरून ७१.

इथे प्रत्येक पालक म्हणतो, “मग उघड आहे की, बी!” उघड आहे, पण का उघड आहे तेही बघा. चार पर्यायांच्या शंभर प्रश्नांना चुकीची तालिका लावली, तर निव्वळ योगायोगाने सरासरी २५ उत्तरं जुळतात, आणि बहुतेक वेळा आकडा १६ ते ३४च्या मध्ये कुठेतरी पडतो. २७ हा आकडा ‘ही तालिका माझी नाही’ असंच सांगतो. ७१ योगायोगाने येत नाही. तरीही सेट आम्ही गुणांवरून ठरवत नाही. वर्गातल्या हजेरीपत्रकात सहीशेजारी सेटचं अक्षर लिहायचा रकाना असतो, तिथे तिच्या हाताने ‘बी’ लिहिलेलं होतं. पुढच्या बाकावर ए, मागच्यावर सी. वाटप ए-बी-सी-डी याच क्रमाने होतं, म्हणून तेही जुळलं. निर्णय हजेरीपत्रकावरून झाला, ७१ने फक्त मान डोलावली.

गुणांवरून का नाही ठरवायचं, ते त्याच आठवड्यात आलेल्या एका मुलावरून कळलं. त्याने सेटचा गोळाच भरला नव्हता. सी धरून ३१, डी धरून ३४, ए आणि बी धरून त्याहून कमी. एवढ्या कमी गुणांत खरी तालिका आणि योगायोग यांत फरकच दिसत नाही. हजेरीपत्रकातला रकाना कोरा, पर्यवेक्षकांनी नुसती सही घेतलेली. शेजारच्या बाकांवरून सी निघत होता, पण त्या वर्गात एक फाटकी पुस्तिका बदलून दिल्याची नोंद होती, म्हणून क्रमावर विसंबता येईना. वडील म्हणाले, “अहो, तीन गुणांचा तर प्रश्न आहे, डी धरा ना!” धरता येत नाही, साहेब. जास्त गुण देणारा सेट निवडायचा ठरवलं, तर सेट कोरा सोडणाऱ्याला चार तालिकांतली सगळ्यात सोयीची मिळणार आणि नीट भरणाऱ्याला एकच.

त्याच्या आजीने पुस्तिका जपून ठेवली होती, मुखपृष्ठासकट. मुखपृष्ठावर सी होता. त्याचा अनुक्रमांक गठ्ठ्याच्या यादीशी ताडला, तोही त्याच वर्गाच्या सी गठ्ठ्यातला निघाला. निकाल ३१. वडील अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

म्हणून फोटो काढण्याआधी एवढं करा. शीट टेबलावर किंवा फरशीवर सपाट ठेवा, दिवसा खिडकीशी, पण आपली सावली पडू न देता. स्कॅनरचं ॲप नको, साधा कॅमेरा, तोही मागचा. काही फोनचा समोरचा कॅमेरा फोटो आरशासारखा उलटा साठवतो. मग छोटा चौकोन भलत्याच कोपऱ्यात जातो आणि सेट उजवीकडचा डावीकडे येतो. चारही चौकोन आणि डावीकडची पट्ट्यांची रांग पूर्ण दिसली पाहिजे, बाजूने दोन बोटं टेबल दिसलं तरी चालेल. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो लहान होऊन येतो आणि फिकट गोळे पुसट होतात. फिकट गोळे घरी पेनने गडद करू नका. मूळ शीटशी ताडताना ते लगेच दिसतं आणि मग अर्ज सरळ बाद होतो.

मुखपृष्ठ हरवलं असेल तर अर्जात तसं लिहा आणि बाकाचा क्रमांक आठवत असेल तर तोही लिहा. हजेरीपत्रक आणि गठ्ठ्याची यादी आम्ही काढतो. त्याला दोन-तीन दिवस जातात, म्हणून पाचव्या दिवशी संध्याकाळी येऊ नका.