पाटीवरचा 8 की 0?

फ्रंट लोड वॉशिंग मशिनमध्ये पाणी तुंबलं आणि ड्रेन पंप गेला असं ठरलं, की पुढचा प्रश्न येतोच: मॉडेल कोणतं? मग मशिनचा समोरून फोटो काढून पाठवला जातो. त्यात कंपनीचं नाव दिसतं, किती किलोचं आहे ते दिसतं, एखादं झोकदार नावही दिसतं. पण ही सगळी माहिती विक्रीसाठी असते. एकाच नावाचं मशिन काही वर्षं बाजारात असतं आणि त्या काळात आतला पंप, मोटर, कंट्रोल बोर्ड गुपचूप बदललेले असतात. नेमकं मशिन ओळखायचं तर रेटिंग प्लेट, म्हणजे तो छोटा चंदेरी किंवा पांढरा स्टिकर, वाचावा लागतो.

फ्रंट लोडमध्ये तो बहुधा दार उघडल्यावर दाराच्या आतल्या कडेला किंवा समोरच्या चौकटीवर सापडतो. टॉप लोडमध्ये मागच्या पत्र्यावर किंवा झाकणाखाली बघा. फ्रिजमध्ये आतल्या बाजूच्या भिंतीवर भाजीच्या ट्रेजवळ, नाहीतर मागे कॉम्प्रेसरपाशी.

आता फोटो. इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. मशिनची उंची साधारण ८५ सेंटिमीटर असते. फोनच्या फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेलची धरू. पूर्ण मशिन उभं फोटोत बसवलं तर एका मिलिमीटरला साडेचार-पाच पिक्सेल येतात. प्लेटवरची अक्षरं दोन मिलिमीटर उंच असतील तर प्रत्येक अक्षराला नऊ-दहा पिक्सेल मिळतात. अक्षर कसंबसं वाचता येईल, पण 8 आणि B यांतला फरक डावीकडच्या कोपऱ्यांच्या गोलाईत असतो आणि तो एखाद्या पिक्सेलात मावतो. त्यात मेसेजिंग अॅपने फोटो १६०० पिक्सेलपर्यंत लहान केला, तर अक्षराच्या उंचीला चारच पिक्सेल उरतात. मग तो फोटो कितीही मोठा करून बघा, जे उरलंच नाही ते दिसणार नाही. उलट फोन फोटोतल्या कडा ठळक करतो, तेव्हा धूसर ठिपका ठामपणे 8 दिसायला लागतो. हे जास्त धोक्याचं, कारण धूसर फोटोवर निदान शंका तरी येते.

तोच फोन नुसत्या प्लेटसमोर धरा. आठ सेंटिमीटर रुंदीची प्लेट चौकटभर आली की प्रत्येक अक्षराला शंभर पिक्सेल मिळतात, आणि फोटो लहान झाला तरी चाळीस उरतात. फार जवळ गेलं की फोकस लागत नाही, तेव्हा एक वीत मागे येऊन झूम केलेलं बरं. फ्लॅश बंद ठेवा. चंदेरी स्टिकरवर समोरून पडलेला प्रकाश सरळ लेन्समध्ये परततो आणि नेमके मधले आकडे पांढरे होतात. टॉर्च बाजूने, तिरका धरला की उमटलेली किंवा पुसट झालेली छपाईही उठून दिसते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो लहान होत नाही.

तरीही समोर अर्धवट फोटोच आला, असं समजू. मशिन बॉशचं आहे. प्लेटवर `E-Nr.` या खुणेपुढे मॉडेल क्रमांक आहे. सुरुवातीचं `WAT2` स्पष्ट दिसतंय, पण पुढचा आकडा 8 आहे की 0, ते कळत नाही. इथे डोळे ताणण्यापेक्षा मशिनलाच विचारावं. या क्रमांकांत अक्षरांनंतरचे दोन आकडे स्पिनचा कमाल वेग सांगतात: `28` म्हणजे मिनिटाला १४०० फेरे, `24` म्हणजे १२००, `20` म्हणजे १०००. म्हणजे त्या आकड्याचं अर्धं करून शंभराने गुणायचं. समोरच्या पॅनेलवर स्पिनचा सर्वांत मोठा पर्याय १४०० असेल, तर पाचवं चिन्ह 8. प्लेटचा दुसरा फोटो मागवायची गरजच उरली नाही.

क्रमांकाच्या शेवटी तिरपी रेघ आणि दोन आकडे असतात, उदाहरणार्थ `/03`. पुष्कळ लोक ते गाळून बाकीचा क्रमांक सांगतात. पण हीच त्या मॉडेलची आवृत्ती असते आणि पंप बदलला असेल तर तो याच आकड्यांत कळतो. शेजारी `FD` पुढे चार आकडे दिसतात, तो उत्पादनाचा काळ. पहिल्या दोन आकड्यांत १९२० मिळवले की वर्ष मिळतं, उरलेले दोन म्हणजे महिना. `FD 9804` म्हणजे ९८ अधिक १९२०, २०१८ सालचा एप्रिल. २०२० पासून हे आकडे पुन्हा 00 पासून सुरू झाले, तेव्हा त्यांत २०२० मिळवायचे: `FD 0005` म्हणजे २०२० सालचा मे. सुट्या भागांच्या यादीत काही भागांसमोर अमुक `FD` पासून पुढे असं लिहिलेलं असतं, तिथे हे चार आकडे उपयोगी पडतात. इथेही तपासणी घडते. शेवटचे दोन आकडे 13 वाचले तर वाचनात नक्की चूक आहे, कारण तेरावा महिना नसतो. `98` की `93` असा घोळ असेल तर खरेदीचं बिल बघा. २०१८ च्या उत्तरार्धातलं बिल असेल तर पाच वर्षं जुनं मशिन नवं म्हणून विकलं गेल्याची शक्यता फारच कमी.

प्रत्येक कंपनीची लिपी मात्र वेगळी. इलेक्ट्रोलक्स आणि एईजीच्या प्लेटवर मॉडेलच्या नावाहून `PNC` हा 9 ने सुरू होणारा आकडा महत्त्वाचा, आणि त्यांच्या सिरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे दोन आठवडा. म्हणजे ५३ च्या वरचा आठवडा आला की पुन्हा बघायचं. एलजीच्या सिरियल नंबरात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे दोन महिना: `807` म्हणजे जुलै, पण २००८ की २०१८, ते मशिनकडे बघूनच ठरवावं लागतं. सिरियल नंबर वय सांगतो, मॉडेल सांगत नाही. पार्ट मागवताना दोन्ही द्यावेत.

प्लेटवर बारकोड असेल तर तोही फोनवर स्कॅन करून बघावा. कोड १२८ या प्रकारच्या बारकोडमध्ये शेवटी एक तपासचिन्ह असतं, त्यामुळे स्कॅन झाला तर तो बहुधा बरोबरच असतो. त्यात मॉडेल असेल की नुसता सिरियल, हे कंपनीवर अवलंबून.

दोन शक्यता उरल्याच, तर दोन्ही क्रमांक कंपनीच्या सुट्या भागांच्या पानावर टाकून बघा. अनेकदा त्यांतलं एक मॉडेल अस्तित्वातच नसतं.

फ्रिजच्या बाबतीत एक जुना सापळा आहे. मागून फोटो काढला की काळ्या कॉम्प्रेसरवरचा स्टिकर मोठा आणि स्वच्छ दिसतो, आणि तोच नंबर फ्रिजचा मॉडेल नंबर म्हणून पुढे जातो. तो कॉम्प्रेसरचा स्वतःचा असतो. तोच कॉम्प्रेसर वेगवेगळ्या फ्रिजमध्ये बसवलेला असू शकतो, किंवा कधीतरी बदलून नवा टाकलेलाही असेल. फ्रिजच्या खऱ्या प्लेटवर गॅसचं नाव आणि वजन असतं, उदाहरणार्थ `R600a` आणि पुढे ग्रॅम. ती जोडी दिसली की आपण बरोबर स्टिकर वाचतोय असं समजायला हरकत नाही, आणि गॅस भरणाऱ्याला ती माहिती लागतेच, कारण `R600a` पेट घेणारा वायू आहे आणि त्याच्या जागी `R134a` भरून चालत नाही.

प्लेट पूर्ण उडून गेली असेल तर नेमकं मॉडेल फोटोतून निघत नाही. मग जुना पंप बाहेर काढून त्याच्या अंगावरचा क्रमांक वाचायचा आणि पंपच त्या क्रमांकाने शोधायचा.