पैसे आज की काढणीनंतर? एका उक्त्या सौद्याचा हिशेब

उभ्या पिकाचा सौदा करताना खरेदीदार पुष्कळदा दोन आकडे पुढे ठेवतो: आज घेतलेत तर इतके, काढणीनंतर घेतलेत तर थोडे जास्त. आमच्याकडे हिशेबाला येणाऱ्या ग्राहकांचा हा नेहमीचा प्रश्न. म्हणून एका शेतकऱ्याची गोष्ट आकड्यांसकट इथे मांडली आहे. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, रीत मात्र कुठल्याही सौद्याला लागू पडते.

शेतकऱ्याचं पीक शेतात उभं आहे. खरेदीदार म्हणतो, सौदा उक्ता. आज सही केलीत तर दोन लाख रोख देतो. थांबायची तयारी असेल तर काढणीनंतर २,२४,००० देतो. काढणीला पाच महिने आहेत. पण वजनकाटा, प्रतवारी, बिल हे सगळं धरून पैसे हातात पडायला आणखी एक महिना लागतो. म्हणजे थांबायचं ते सहा महिने, पाच नव्हे. हिशेब नेहमी पैसे मिळण्याच्या दिवसापर्यंत करायचा, पीक कापण्याच्या दिवसापर्यंत नाही. इथे चुकलेला एक महिना पुढे किती महाग पडतो ते दिसेलच.

शेतकऱ्याच्या डोक्यावर १,२०,००० चं खासगी कर्ज आहे, महिना शेकडा अडीचने. व्याज थकलं की ते मुदलात चढतं. ते फेडून जी रक्कम उरेल ती बँकेत पडून राहील आणि तिथे महिन्याला शेकडा अर्धा सुटेल.

घरात दोन मतं पडली. मुलाचं म्हणणं, सहा महिन्यांत शेकडा बारा जास्त मिळतात, बँक तीनच देते, तेव्हा थांबावं. बायकोचं म्हणणं, कर्ज सहा महिन्यांत जवळजवळ शेकडा सोळाने वाढतं, आपल्याला मिळणार बारा, तेव्हा आजच घ्यावेत. दोघांचाही हिशेब बरोबर आहे. फक्त दोघांनी दर वेगळा धरला आहे.

शेतकऱ्याने पुढच्या रकमेची आजची किंमत काढली. रीत अशी: दर महिन्याला शेकडा अडीच धरायचे असतील, तर मिळणाऱ्या रकमेला १.०२५ ने भागायचं, आणि जितके महिने थांबायचं तितक्या वेळा भागायचं. २,२४,००० ला एकदा भागलं की २,१८,५३७ येतात, पुन्हा भागलं की २,१३,२०६, आणि सहाव्या भागाकाराला सुमारे १,९३,१५५. म्हणजे शेकडा अडीचचं कर्ज अंगावर असलेल्या माणसाला सहा महिन्यांनी मिळणारे २,२४,००० हे आजच्या १,९३,१५५ इतकेच. दोन लाख त्याहून जास्त. मोबाइलच्या तक्त्यात एकाच ओळीत करायचं असेल तर असं:

```
=224000/1.025^6
```

इथे एक चूक फार होते. सहा महिन्यांचे पंधरा टक्के काढायचे आणि ते २,२४,००० मधून सरळ वजा करायचे. त्याने १,९०,४०० येतात, खऱ्या किमतीपेक्षा पावणेतीन हजारांनी कमी. टक्का आजच्या रकमेवर चढतो, उद्याच्या नाही. म्हणून वजाबाकी चालत नाही, भागावंच लागतं. दुसरी चूक दराची. महिन्याचा दर धरला तर घात महिन्यांचा, वर्षाचा दर धरला तर वर्षांचा. वर्षाचा दर घेऊन सहाचा घात केला की उत्तर हास्यास्पद येतं, पण घाईत ते लक्षात येत नाही.

मग शेतकऱ्याने मुलाचा दर धरून पाहिला. बँकेच्या शेकडा अर्ध्याने २,२४,००० ची आजची किंमत २,१७,३९६ भरते. आता थांबण्यात फायदा दिसतो. एकच सौदा, एकच माणूस, आणि उत्तरं उलटी. इथे पुष्कळ जण दोन दरांची सरासरी काढून मोकळे होतात. ते करू नये, कारण दर रकमेला चिकटलेला नसतो. त्या रकमेचं आज तुम्ही काय कराल त्याला चिकटलेला असतो. दोन लाखांतले पहिले १,२०,००० कर्जात जाणार, म्हणजे त्यांना दर अडीचचा. उरलेले ८०,००० बँकेत बसणार, त्यांना दर अर्ध्याचा.

म्हणून त्याने सौद्याचे दोन तुकडे केले. खरेदीदार दोन लाखांचे २,२४,००० करतो, म्हणजे शंभराचे एकशे बारा. त्याच प्रमाणात १,२०,००० चे पुढे १,३४,४०० होतात. त्यांची अडीचच्या दराने आजची किंमत सुमारे १,१५,८९३. हे १,२०,००० पेक्षा कमी, तेव्हा हा तुकडा आजच घ्यावा. ८०,००० चे पुढे ८९,६०० होतात. त्यांची अर्ध्याच्या दराने आजची किंमत ८६,९५८. हे ८०,००० पेक्षा जास्त, तेव्हा हा तुकडा पुढे घ्यावा.

आता तिन्ही वाटा आजच्या पैशांत शेजारी ठेवा. सगळे आज घेतले तर २,००,०००. सगळे काढणीनंतर घेतले तर २,०२,८५१. आणि १,२०,००० आज, ८९,६०० नंतर, असं ठरवलं तर २,०६,९५८. खरेदीदाराने ही तिसरी वाट पुढे ठेवलीच नव्हती, ती शेतकऱ्याला मागावी लागली. मागायला हरकत नसते, कारण खरेदीदाराचाच दर दोन्ही तुकड्यांना लावलेला असतो आणि त्याचं काही जात नाही. शिवाय आज कमी रोख काढावी लागते म्हणून तो बहुधा खूशच असतो.

हे सगळं सहा महिन्यांचं. पैसे सातव्या महिन्यात आले तर? ‘सगळे नंतर’ या वाटेची आजची किंमत १,९९,५९२ वर येते आणि आजच्या दोन लाखांखाली जाते. एका महिन्याच्या विलंबाने अख्खा निर्णय फिरला, कारण तिकडे कर्ज महिन्याला अडीचने वाढतच असतं. दोन तुकड्यांच्या वाटेत तसं होत नाही. कर्ज पहिल्याच दिवशी मिटलेलं असतं, आणि ८९,६०० एक महिना उशिरा आले तर तोटा साधारण ४३० चा. बँकेच्या दराने पाहिलं तर खरेदीदाराने आजपासून बावीस महिन्यांपर्यंत रखडवलं तरी हा तुकडा तोट्यात जात नाही. एवढं कुणी रखडवू द्यावं असा याचा अर्थ नाही, पण ताण कुठल्या वाटेवर किती पडतो ते यातून कळतं.

पैसे बुडण्याची शक्यता वेगळी धरावी. पुष्कळ जण धास्तीपोटी दरच वाढवून ठेवतात, अडीचचा चार करतात. त्याने हिशेब गढूळ होतो. धोका महिन्यागणिक थोडाथोडा चढतोच असं नाही. गारपीट एका दुपारी होते, खरेदीदार एका दिवशी हात वर करतो. म्हणून सरळ विचारावं: शंभर सौद्यांपैकी किती बुडाले तरी हे परवडेल? दुसऱ्या तुकड्यासाठी ८०,००० ला ८६,९५८ ने भागा, ०.९२ येतात. म्हणजे शंभरात आठ सौदे पूर्ण बुडाले तोपर्यंत थांबणं परवडतं. सगळेच पैसे नंतर घेण्याच्या वाटेत मात्र दोन लाखांना २,०२,८५१ ने भागावं लागतं आणि उत्तर ०.९८६ येतं. शंभरात दीडसुद्धा जड.

या शक्यतेत पीक जाणंही धरायचं की नाही, ते कराराच्या शब्दांवर ठरतं. पीक गेलं तरी आज दिलेले पैसे परत मागायचे नाहीत, असा खरा उक्ता सौदा असेल, तर आजचे पैसे घेताच पिकाचा धोका खरेदीदाराकडे जातो. नंतरचा तुकडा मात्र पीक हाती आलं तरच मिळतो, असं बहुतेक करारांत असतं; तसं असेल तर पीक जाण्याची शक्यताही त्या आठांत मोजा. आणि ‘पीक न आल्यास रक्कम परत’ अशी ओळ असेल तर तो सौदा नव्हे, ती उचल आहे. मग आजचे दोन लाख हे कर्जच, आणि त्याचं व्याज म्हणजे सोडून दिलेले २४,०००. महिन्याला शेकडा १.९१ पडतात. आमच्या मते सही करण्याआधी सगळ्यात जास्त वेळ या एका ओळीला द्यावा.

कर्ज देणाऱ्याची वहीही एकदा पाहून घ्या. व्याजावर व्याज लागत नसेल तर सहा महिन्यांना १.०२५ च्या घाताऐवजी सरळ १.१५ ने भागावं. १,३४,४०० ची आजची किंमत मग १,१६,८७० येते आणि निर्णय तोच राहतो. पण पूर्ण मुदतीचं व्याज आगाऊ कापून घेतलेलं असेल, किंवा मुदतीआधी फेडलं तरी व्याज तेवढंच लागत असेल, तर लवकर फेडून काहीच वाचत नाही. तेव्हा त्या तुकड्याचा दरही बँकेचाच धरावा, आणि १,२०,००० सुद्धा नंतर घेण्यात फायदा निघतो. एवढ्या एका अटीने उत्तर उलटं होतं.

राहिली काढणीची मजुरी. ती पाचव्या महिन्यात द्यायची आणि खरेदीदाराचे पैसे सहाव्यात. समजा १५,००० लागतात. त्यासाठी आजच १५,००० जास्त घेऊन ठेवावेत असं वाटतं, पण त्यापायी पुढचे १,८०० सोडावे लागतात. बँकेतलं पाच महिन्यांचं व्याज साधारण ३८० तेवढं परत येतं. त्याऐवजी तेवढ्या एका महिन्यासाठी शेकडा अडीचने उसने घेतले तर व्याज ३७५. उसने घेणं स्वस्त, अट एकच: त्या आठवड्यात पैसे नक्की मिळायला हवेत. ती खात्री नसेल तर १५,००० आजच घ्या. मजुरीअभावी शेतात पडून राहिलेलं पीक १,८०० पेक्षा पुष्कळ जास्त नुकसान करतं.

शेतकऱ्याने शेवटी १,२०,००० आज आणि ८९,६०० नंतर असा करार केला. नंतरच्या रकमेपुढे ‘काढणीनंतर’ असं न लिहिता तारीख घातली. तारीख उलटली तर महिन्याला शेकडा १.९१ जादा, म्हणजे ८९,६०० वर साधारण १,७११, हेही लिहून घेतलं. हा दर खरेदीदाराने शंभराचे एकशे बारा करताना स्वतःच लावलेला असल्यामुळे त्याला नाही म्हणणं अवघड गेलं.

हाच हिशेब आमच्याकडून करून घ्यायचा असेल तर कराराचा मसुदा, कर्जाच्या वहीचं शेवटचं पान आणि काढणीच्या खर्चाचा अंदाज घेऊन या. करार सही करण्याआधी आणा. सही झाल्यावर तुकडे पाडता येत नाहीत.