‘नेमकं काय झालं?’ हे का विचारायचं नाही

पूरग्रस्तांच्या छावणीत जाणाऱ्या स्वयंसेवकांना मानसिक प्रथमोपचार शिकवताना एका सूचनेवर गाडी हमखास अडते: घडलेलं खोदून विचारू नका. बोललं की मन मोकळं होतं, असंच आपण ऐकत आलेलो असतो.

ही सूचना अनुभवाअंती आली. १९८३मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी ‘डीब्रीफिंग’ची पद्धत मांडली. घटनेनंतर काही दिवसांतच गटाला बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते टप्प्याटप्प्याने बोलतं करायचं. पुढे हीच कल्पना आपत्तीत सापडलेल्यांवर, एकेकट्यालाही, सर्रास वापरली जाऊ लागली. १९९७मध्ये ब्रिटनमधल्या भाजलेल्या रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. तेरा महिन्यांनी, असं बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना आघातोत्तर तणावाचा विकार होता, न केलेल्यांत ९ टक्के. पहिल्या गटातल्यांच्या जखमा मुळात जास्त गंभीर होत्या, त्यामुळे सगळा दोष डीब्रीफिंगवर टाकता येत नाही. पण फायदा दिसला नाही, आणि नंतरच्या आढाव्यांतही एकट्याला एकदाच बसवून केलेल्या डीब्रीफिंगचा उपयोग आढळला नाही.

म्हणून २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहयोगी संस्थांसह काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीनच कामं ठेवली: पाहा, ऐका, हव्या त्या मदतीशी जोडून द्या. हीसुद्धा बरीचशी तज्ज्ञांच्या एकमतावर उभी आहे. पुढचा विकार तिने टळतो, असा भक्कम पुरावा नाही.

प्रशिक्षणातला सराव २०१९च्या कृष्णा-पंचगंगेच्या पुरासारखा प्रसंग घेऊन करता येतो. शाळेतल्या छावणीत एक काकू भिंतीला टेकून गप्प बसल्यात. स्वयंसेविका आधी आजूबाजूला बघते: कुणी जखमी आहे का, सोबत कोण आहे. मग, “काकू, मी इथं मदतीला आलेय. शेजारी बसू का?” बऱ्याच वेळाने काकू म्हणतात, “म्हस दावणीलाच ऱ्हायली.” नवख्याच्या तोंडून इथं हटकून निघतं, “जाऊ द्या, माणसं वाचली ना!” आणि काकू तोंड फिरवतात. सरावात हे मुद्दाम घडू द्यावं, कारण चूक कुठे झाली ते समोरच्याच्या चेहऱ्यावरच दिसतं. दुसऱ्या फेरीत ती नुसती ऐकते आणि थोड्या वेळाने विचारते, “आत्ता कशाची नड आहे?” बीपीच्या गोळ्या दोन दिवस चुकल्यात आणि मुलाचा फोन लागत नाही, असं निघतं. ती त्यांना डॉक्टरांच्या टेबलापर्यंत नेते आणि मुलाचं नाव नोंदवून घेते. म्हशीच्या पंचनाम्याबद्दल ठाऊक नसेल, तर “विचारून सांगते” म्हणते आणि खरंच परत येते.

काकू जगणंच नको म्हणाल्या, किंवा खाण्यापिण्याचंही भान राहिलं नाही, तर तिने एकटीने निभावायचं नाही. त्यांना एकटं न सोडता डॉक्टरांना बोलवायचं. छावणी उठल्यावरही लागणाऱ्या मदतीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांना लिहून द्यायचा.