मेकॅनिझमची कोरी अ‍ॅरो शीट

कोरी अ‍ॅरो शीट म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या आपल्याच वहीतून बनवलेला सरावाचा कागद. मेकॅनिझमच्या प्रत्येक स्टेपमधले रेणू त्यात तसेच ठेवायचे, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते दाखवणारे वाकडे अ‍ॅरो तेवढे काढून टाकायचे, आणि दोन-तीन दिवसांनी वही बंद करून ते भरायचे. बारावीच्या पोरांना याची फारशी गरज पडत नाही, पण बीएस्सीला मेकॅनिझम लिहायला लागलं की पडते.

वाकड्या अ‍ॅरोची ही पद्धत 1922 मध्ये करमॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या पेपरात पहिल्यांदा आली असं धरतात. नियम तसा एका ओळीचा आहे. अ‍ॅरोची शेपटी जिथे इलेक्ट्रॉनची जोडी आहे तिथे, म्हणजे लोन पेअरवर किंवा बॉण्डवर, आणि टोक ती जोडी जिथे जाणार तिथे. तरी गोची होते कारण बरेचजण आधी प्रॉडक्ट आठवून लिहितात आणि मग अ‍ॅरो वरून सजावटीसारखे चिकटवतात. अमेरिकेत ग्रोव्ह, कूपर आणि रश यांनी 2012 च्या पेपरात या सवयीला ‘अ‍ॅरोची सजावट’ असंच नाव दिलंय. कोऱ्या शीटमध्ये प्रॉडक्ट आधीच छापलेलं असतं, त्यामुळे पाठांतर दाखवायला काही उरत नाही, उरतात फक्त अ‍ॅरो.

बनवायची सोपी युक्ती अशी की वहीत लिहितानाच सांगाडे पेनाने आणि अ‍ॅरो पेन्सिलने काढायचे. मग फोटो काढून ठेवायचा (तीच उत्तरपत्रिका), पेन्सिल खोडायची, चार झेरॉक्स मारायच्या, झालं. जुनी वही सगळी पेनातच असेल तर व्हाइटनरने अ‍ॅरो खोडत बसू नये, अर्धे लोन पेअरसुद्धा त्यात जातात, ती स्टेप सरळ नव्या कागदावर उतरवलेली बरी.

आता खरी कटकट. वहीतली मेकॅनिझम सहसा पूर्ण नसते. माझ्या वहीत अ‍ॅसिटाल्डिहाइडचं अल्डॉल असं होतं: पहिल्या ओळीत CH3CHO आणि पातळ NaOH, मग ‘कार्बअ‍ॅनायन’, मग ‘H+’ लिहिलेला एक बाण आणि अल्डॉल, म्हणजे 3-हायड्रॉक्सीब्युटेनाल, शेवटी ‘उष्णता, −H2O’ लिहून थेट ब्युट-2-ईनाल. हे तसंच कोरं केलं तर शेवटच्या बाणाखाली भरायचं काय, तिथे तर दोन अख्ख्या स्टेप गिळल्यात. त्यामुळे शीट करण्याआधी वही भरून काढावी लागते, आणि माझ्या अनुभवात निम्मा अभ्यास तिथेच होतो.

भरून काढलेलं अल्डॉल असं दिसतं. पहिल्या स्टेपला OH⁻ च्या लोन पेअरपासून एक अ‍ॅरो अल्फा हायड्रोजनकडे, त्या C–H बॉण्डपासून दुसरा दोन कार्बनच्या मध्ये, आणि C=O च्या पाय बॉण्डपासून तिसरा ऑक्सिजनवर, मिळतो इनोलेट. दुसऱ्या स्टेपला इनोलेटच्या O⁻ वरची जोडी खाली येऊन परत C=O करते, C=C ची जोडी दुसऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या कार्बोनिल कार्बनवर जाते आणि तिथली पाय जोडी त्याच्या ऑक्सिजनवर ढकलली जाते, हे परत तीन. तिसऱ्यात अल्कॉक्साइड पाण्याचा H घेतं आणि पाण्यातल्या O–H ची जोडी ऑक्सिजनवर जाते, दोन. असे आठ झाले. उष्णतेच्या भागात OH⁻ पुन्हा अल्फा हायड्रोजन काढून इनोलेट करतं, तीन अ‍ॅरो, आणि मग O⁻ ची जोडी खाली, C=C सरकून पलीकडे, C–OH बॉण्ड तुटून OH⁻ बाहेर, अजून तीन. एकूण चौदा, वहीत होते चार-पाच.

इथे एक गंमत लक्षात ठेवायची. वहीत इनोलेटऐवजी चार्ज कार्बनवर दाखवून कार्बअ‍ॅनायन काढलेलं असेल तर पहिल्या दोन स्टेपमध्ये प्रत्येकी तीनऐवजी दोनच अ‍ॅरो लागतात आणि आठाचे सहा होतात. दोन्ही चित्रं एकाच आयनची रेझोनन्स रूपं आहेत, त्यामुळे चूक कुठलंच नाही, पण स्टेपखाली ‘अ‍ॅरो: 3’ असं लिहून ठेवलं आणि चित्र कार्बअ‍ॅनायनचं असलं की पोरगा अर्धा तास नसलेला अ‍ॅरो शोधत बसतो (मी बसलोय). आकडा लिहायचा असेल तर चित्र पाहून मोजून लिहावा, पाठ्यपुस्तकातून उचलू नये. पहिल्या झेरॉक्सवर आकडा द्यावा, दुसऱ्यावर काढून टाकावा.

आता ते ‘H+’. पातळ NaOH मध्ये मोकळा H+ कुठून येणार, हायड्रोजन देतं ते पाणी. वही तपासताना सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे प्रत्येक स्टेपच्या डाव्या आणि उजव्या बाजूचा एकूण चार्ज. अल्डॉलच्या सगळ्या स्टेपमध्ये तो उणे एकच राहतो, कधी OH⁻ वर, कधी इनोलेटवर, कधी अल्कॉक्साइडवर. वहीतल्यासारखा H+ घातला की एकूण एकदम शून्य होतो, म्हणजे मध्येच बाहेरून कोणीतरी अ‍ॅसिड ओतलं. अशी चूक शीटमध्ये राहिली तर ती चार झेरॉक्समध्ये चार वेळा घोटून पक्की होते, म्हणून उत्तरपत्रिका एकदा मॅडमना किंवा सरांना दाखवून घ्यावी.

भरलेल्या शीटमधल्या चुका ठरलेल्याच असतात. सगळ्यात जास्त दिसते ती पहिल्याच स्टेपला, H पासून OH⁻ कडे काढलेला अ‍ॅरो, कारण डोक्यात ‘H जातो’ असं बसलेलं असतं. जातो हे खरं, पण अ‍ॅरो अणूचा प्रवास दाखवत नाही, इलेक्ट्रॉनचा दाखवतो. दुसरी म्हणजे कार्बोनिल कार्बनवर हल्ला दाखवायचा आणि C=O ची जोडी वर ढकलायला विसरायचं, मग त्या कार्बनवर पाच बॉण्ड होतात. त्या कार्बनचे बॉण्ड बोटाने मोजले की लगेच कळतं.

शीटचा दोषही सांगायला हवा. उजवीकडे प्रॉडक्ट छापलेलं असल्याने दोन चित्रांतला फरक बघून उलट्या दिशेने अ‍ॅरो काढता येतात, आणि डोकं न लावता शीट भरते. यावर उपाय म्हणजे कागद उभा दुमडून उजवी बाजू झाकायची, अ‍ॅरो काढायचे, त्यांच्यावरून पुढचा रेणू स्वतः लिहायचा आणि मग घडी उघडून ताडायचं. शिवाय इनोलेट कार्बनकडूनच हल्ला का करतं, उलटी रिअ‍ॅक्शन किती होते, हे शीट विचारतच नाही, त्याला थिअरी वाचावीच लागते.

अल्डॉल बसलं की पुढची शीट डायबेन्झालअ‍ॅसिटोनची करावी, प्रॅक्टिकलला पिवळे क्रिस्टल काढतो तेच. बेन्झाल्डिहाइडला अल्फा हायड्रोजन नाही, त्यामुळे इनोलेट फक्त अ‍ॅसिटोनचं होणार आणि पहिल्या अ‍ॅरोचं टोक कुठल्या हायड्रोजनवर ठेवायचं ते इथे ठरवावं लागतं. अ‍ॅसिटोनच्या एका बाजूला वरचेच चौदा अ‍ॅरो, मग दुसऱ्या मिथाइलवर दुसरं बेन्झाल्डिहाइड घेऊन परत तेच चौदा. या शीटवर मी पहिल्या अर्ध्या भागाचे सांगाडे देतो आणि दुसरा अर्धा नुसत्या रिकाम्या चौकटी ठेवतो.