लोनची फाईल की लोणची फाईल? मराठी व्हॉइस टायपिंग आणि मधले इंग्रजी शब्द

‘मॅनेजरला काल कॉल केला, लोनची फाईल पुढे गेली का ते विचारलं.’ आपण रोज बोलतो तसं हे साधं वाक्य आहे. फोनला ते बोलून लिहायला सांगा. पडद्यावर असंही काही उमटू शकतं: ‘मॅनेजर ला काल काल केला लोणची फाईल पुढे गेली का ते विचारलं’. या एका ओळीत तीन वेगवेगळ्या जातीच्या चुका आहेत. प्रत्येकीचं कारण वेगळं आहे, त्यामुळे दुरुस्तीची रीतही वेगळी.

आधी जोडणी बघू. गूगलने मराठी व्हॉइस टायपिंग ऑगस्ट २०१७ मध्ये आणलं. अँड्रॉइड फोनवर त्यासाठी Gboard हा कीबोर्ड लागतो. त्याच्या सेटिंगमध्ये Languages, मग Add keyboard असं करत मराठी निवडायची. तिथे देवनागरी कळफलक आणि रोमन अक्षरांतून देवनागरी लिहिणारा abc → मराठी असे पर्याय दिसतात. दोन्ही घेऊन ठेवा, दुसरा दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडतो. मग Voice typing या भागात जाऊन ते सुरू आहे ना हे पाहायचं. फोनच्या कंपनीप्रमाणे या पानांपर्यंतची वाट थोडी बदलते, नावं साधारण हीच असतात. संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून Tools मधून Voice typing घ्या आणि माइकच्या वरच्या यादीतून मराठी निवडा.

कीबोर्डवर हिंदी आणि मराठी दोन्ही असतील तर माइक नेमका कोणत्या भाषेत ऐकतोय हे सहज कळत नाही, कारण लिपी एकच. यासाठी एक खात्रीची चाचणी आहे. ‘बँक, मॅच, मेसेज’ एवढंच बोला. ‘बैंक, मैच, मैसेज’ असं उमटलं तर माइक हिंदीवर आहे. मराठी लिहिताना आपण ‘अॅ’ या उच्चारासाठी चंद्र वापरतो, हिंदीत तिथे बहुधा दोन मात्रा येतात. अशा वेळी शब्द दुरुस्त करत बसू नका, आधी भाषा बदला.

आता चुकांकडे. बोललेलं ओळखणारी यंत्रणा दोन गोष्टींचा मेळ घालते. कानावर पडलेला आवाज कोणत्या अक्षरांशी जुळतो, ही एक. त्या अक्षरांपैकी कोणता शब्द या जागी येण्याची शक्यता जास्त आहे, ही दुसरी. ही शक्यता ती आधी लिहिल्या गेलेल्या प्रचंड मजकुरावरून शिकलेली असते. ‘कॉल’ आणि ‘काल’ यांच्यात फरक फक्त स्वराचा. घाईत बोलताना किंवा रस्त्यावरच्या गोंगाटात तोही पुसट होतो. मग निर्णय शक्यतेवर जातो, आणि लिखित मराठीत ‘काल’ हा शब्द ‘कॉल’पेक्षा कितीतरी अधिक वेळा आलेला असतो. ‘लोनची’चंही तेच. न आणि ण यांतला फरक बोलण्यात अनेकांच्या तोंडी फिका पडतो, आणि ‘लोणची’ तर मराठीत मुरलेला शब्द.

इथे इंग्रजी शब्दांची बाजू आणखी एका कारणाने लंगडी पडते. ‘फाईल’ कुणी ‘फाइल’ लिहितं, ‘मीटिंग’ची ‘मिटिंग’ होते, कुणी सरळ रोमन लिपीतच लिहितं. म्हणजे एकाच शब्दाच्या वाट्याला येणारी शक्यता तीन-चार रूपांत वाटली जाते. त्यात आपण त्याला मराठी प्रत्यय लावतो: फाईलला, फाईलमध्ये, फायलीत, फाईलवरून. यातलं प्रत्येक रूप मूळ शब्दाहून दुर्मीळ. इंग्रजी शब्द यंत्रणेला ठाऊक असतो, पण आपण लावलेल्या प्रत्ययासह तो तिने क्वचितच पाहिलेला असतो. म्हणूनच ‘मॅनेजर ला’ असे तुकडे पडतात.

बोललेलं ओळखण्याच्या संशोधनातही मराठी-इंग्रजी मिश्रणाकडे तुलनेने कमी लक्ष गेलं आहे. २०२१ मध्ये भारतीय भाषांसाठी मक्स नावाची एक खुली स्पर्धा झाली. तिच्या बहुभाषिक विभागात मराठी होती, पण मिश्र बोलण्याच्या विभागात हिंदी-इंग्रजी आणि बंगाली-इंग्रजी या दोनच जोड्या होत्या. मला हे खटकतं, कारण पुण्या-मुंबईत काय किंवा तालुक्याच्या बँकेत काय, आपलं कामकाजाचं बोलणं मिश्रच असतं.

यातून बोलण्याची एक शिस्त निघते. इंग्रजी शब्द आला की अनेक जण आधी थबकतात आणि तो वेगळा, ठासून उच्चारतात. त्याने नुकसानच होतं. शब्द आणि प्रत्यय यांच्यामध्ये विसावा घेतला की जागा सुटते, आणि आजूबाजूचा संदर्भही तुटतो. ‘मॅनेजरला’ एका दमात म्हणा. उच्चार रोजचा मराठी वळणाचाच ठेवा, टीव्हीवरच्या इंग्रजीसारखा करू नका.

चुकलेला शब्द पुन्हा बोलून दुरुस्त करायचा असेल तर तो एकटा बोलू नका. नुसतं ‘कॉल’ म्हटलं तर पुन्हा ‘काल’ येण्याची भीती तेवढीच राहते. ‘मॅनेजर ला काल काल केला’ हा पूर्ण तुकडा निवडून पुसा आणि त्या जागी ‘मॅनेजरला काल फोनवर कॉल केला’ असं संदर्भासकट बोला, नंतर ‘फोनवर’ हा जास्तीचा शब्द काढा. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर abc → मराठी कळफलकावर जाऊन kol किंवा call टाइप करा आणि वर सुचवलेल्या शब्दांतून ‘कॉल’ उचला. तिसऱ्यांदा बोलण्यापेक्षा हे लवकर होतं.

विरामचिन्हं हातानेच द्यावीत हे बरं. वरच्या वाक्यात ‘केला’नंतरचा स्वल्पविराम गेला की दोन वाक्यं एकमेकांत घुसतात.

मजकूर लांब असेल तर तुटलेले प्रत्यय एकेक करून जोडू नका. गूगल डॉक्समध्ये Ctrl+H दाबल्यावर शोधा-बदला ची चौकट येते. शोधायच्या रकान्यात जागा, ‘ला’, पुन्हा जागा असं लिहा आणि बदलायच्या रकान्यात ‘ला’ व जागा. शेवटची जागा विसरलात तर ‘लाल’, ‘लावला’ हे शब्दही आधीच्या शब्दाला चिकटतील. ला, चा, ची, च्या हे मराठीत सहसा सुटे येत नाहीत, म्हणून ते एका फटक्यात बदलता येतात. पण ‘वर’, ‘मध्ये’ आणि ‘ने’ यांना असं सरसकट जोडू नका. ‘फोन वर’ जोडायला हवं, ‘जिन्याने वर गेला’ मात्र नाही. ‘मध्ये बोलू नको’ आणि ‘डबा घरी ने’ ही वाक्यंही अशीच मोडतील. हे तीन एकेक बघूनच बदला.

शोधूनही एखादा शब्द सापडत नसेल, आणि तो तर समोर दिसतोय, तर ‘ॲ’कडे बघा. ‘ॲप’, ‘ॲडमिशन’, ‘ॲडव्हान्स’ यांतलं हे अक्षर संगणकाच्या पोटात दोन प्रकारे साठवलं जातं. युनिकोडने २००८ मध्ये त्याला U+0972 हा स्वतंत्र क्रमांक दिला. त्याआधीपासून ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहायची पद्धत होती, ती अजूनही चालू आहे. डोळ्यांना दोन्ही सारखीच, शोधणाऱ्या यंत्रणेला मात्र वेगळी. एक भाग माइकने आणि दुसरा कळफलकाने लिहिला असेल तर एकाच पानावर दोन्ही रूपं असू शकतात. मजकुरातला एक ‘ॲ’ कॉपी करून शोधा, मग न सापडलेल्यांपैकी दुसरा कॉपी करून शोधा, आणि दोन्ही एकाच रूपात आणा.

सगळ्यात शेवटी ‘काल’, ‘हाल’, ‘बाल’ हे शब्द मुद्दाम शोधून पाहावेत, कारण तिथे कॉल, हॉल किंवा बॉल असू शकतो. हे शुद्ध मराठी शब्द असल्याने शुद्धलेखन तपासणी त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही.