स्टार्टअपचं भांडवल: बूटस्ट्रॅपिंग, एंजल आणि व्हेंचर कॅपिटल

नव्या धंद्याला पैसा उभा करायच्या या तीन वाटा. बूटस्ट्रॅपिंगमध्ये मालक आपली बचत आणि गिऱ्हाईकाकडून येणारा पैसा यावरच गाडा ओढतो, एंजल स्वतःच्या खिशातले पैसे घालून हिस्सा घेतो, आणि व्हेंचर कॅपिटलवाला दुसऱ्यांचे पैसे गोळा करून फंड चालवतो, जो साधारण दहा वर्षांत परत करायचा असतो, म्हणून त्याला आपला हिस्सा कधीतरी विकावाच लागतो.

बूटस्ट्रॅप म्हणजे बुटाचा मागचा पट्टा. तो ओढून स्वतःला वर उचलायचं ही कल्पना बरेचजण थापा मारण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन बॅरन मुंचहाउझेनच्या गोष्टींशी जोडतात, पण त्यातला प्रसिद्ध प्रसंग बघितला तर तो दलदलीतून स्वतःला वर काढतो ते केसांना धरून, बुटाला नाही. १८३० च्या दशकातल्या अमेरिकन वर्तमानपत्रांत हा शब्दप्रयोग अशक्य गोष्टीची थट्टा म्हणून सापडतो, तेच मूळ जास्त पटतं. एंजल हा शब्द ब्रॉडवेच्या नाटकांना पैसा पुरवणाऱ्यांवरून आला, आणि धंद्याच्या अभ्यासात तो रुळवण्याचं श्रेय साधारणपणे अमेरिकन प्राध्यापक विल्यम वेट्झेल यांना देतात. आधुनिक व्हेंचर कॅपिटलची सुरुवात बहुधा १९४६ च्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनपासून धरतात.

फरक कळायला एक काल्पनिक हिशोब घेऊ. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रींना भट्टीचं तापमान मोजणारं किट विकायचंय, खर्च २० हजार, विक्री ३० हजार, आणि बिल सुटतं ९० दिवसांनी. महिन्याला १० किट गेले तर ६ लाख अडकतात, ४० गेले की २४ लाख. म्हणजे नफा असूनही ऑर्डरी वाढल्या की हात आखडतो, बूटस्ट्रॅपिंग बहुतेकदा इथंच अडतं. निम्मा ॲडव्हान्स मिळाला तर मात्र एका किटमागं ५ हजारच घालावे लागतात.

समजा मालकानं एंजलकडून ५० लाख घेऊन २० टक्के दिले, मग फंडाकडून ५ कोटी घेऊन २५ टक्के. आता मालक ६०, एंजल १५, फंड २५. पुढं कंपनी ८ कोटींना विकली तर मालकाला ४ कोटी ८० लाख मिळायला हवेत असं वाटतं, पण मिळतात २ कोटी ४० लाखच, कारण फंडाकडं बहुधा प्रेफरन्स शेअर असतात, आधी त्याचे ५ कोटी निघतात आणि उरलेले ३ कोटी मालक नि एंजल वाटून घेतात. करारात ‘पार्टिसिपेटिंग’ शब्द असेल तर फंड त्या ३ कोटींतूनही २५ टक्के घेतो आणि मालकाकडं १ कोटी ८० लाख उरतात. साध्या प्रेफरन्समध्ये विक्री २० कोटींच्या वर गेली की फंड आपले शेअर साधे करून घेतो, तिथून पुढं टक्केवारीप्रमाणंच वाटणी होते.